आमचं गाव नक्की कुठल्या देशात होतं? (राज्य, साम्राज्य आणि राष्ट्र-राज्य)

परांडेकर

नमस्कार मंडळी. गावाकडचं जुनं घर उतरवायला काढलं तेव्हा माळवदाखालच्या फडताळात पत्र्याची एक पेटी सापडली. त्यात मोडीतले पंधरा-वीस कागद, निम्मे कसरीने खाल्लेले. मोडी वाचणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी चार-पाच लावून दिले. सगळे वसुलाचे हिशेब. एकात आमच्या गावाच्या नावापुढे "दुअंमली" असं लिहिलंय आणि खाली रकमांची दोन सदरं पाडलीत. एकावर "स्वराज्य", दुसऱ्यावर "मोगलाई". साल पेशवाईतलं आहे.

आता माझा गोंधळ असा. शाळेच्या नकाशात निजामाचा हिरवा आणि मराठ्यांचा भगवा असे दोन रंग असायचे, मध्ये ठसठशीत रेघ. आमचं गाव परांड्याकडचं, म्हणजे मी समजत होतो आम्ही हिरव्यात. पण कागद म्हणतो एकाच गावात दोघांचा अंमल. मग गाव होतं कुठल्या देशात? आणि त्यावरून मोठा प्रश्न पडला तो असा: राजाचं राज्य, बादशहाचं साम्राज्य आणि आपण आज ज्याला देश म्हणतो ते राष्ट्र-राज्य, ह्यांत खरा फरक काय? आणि सगळ्या जगाने हा एकच साचा कधीपासून धरला?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. माझा इतिहास दहावीत संपला.

तिखट_मीठ

जागा पकडून बसतेय. चहा ठेवलाय.

अभ्यासू_बाळ

सोपं आहे. १६४८ चा वेस्टफालियाचा तह. त्याआधी राजे आणि साम्राज्यं, त्यानंतर सार्वभौम राष्ट्र-राज्यं. स्पर्धा परीक्षेला हमखास येतो. तुमचं गाव युरोपात नसल्यामुळे तिथे बातमी उशिरा पोचली असावी. :)

सोलापुरी_चादर

राष्ट्र आणि राज्य ह्यांच्या भांडणात नेहमी राज्याचं नुकसान होतं हे माझं स्पष्ट मत आहे. जीएसटीचा वाटा वेळेवर देत नाहीत. मराठवाड्याच्या अनुशेषाबद्दल तर बोलायलाच नको.

तिखट_मीठ

@सोलापुरी_चादर, राष्ट्र-राज्य, केंद्र-राज्य नव्हे. धागा नीट वाचा हो काका.

सोलापुरी_चादर

वाचला. माझं मत कायम आहे.

दफ्तरदार

परांडेकर, कागद जपून ठेवा. सेलोटेप अजिबात लावू नका, लॅमिनेशन तर स्वप्नातही नको.

आधी गावाचं बघू, मग जगाचं. १७१९ साली बाळाजी विश्वनाथ पेशवे दिल्लीहून शाहू महाराजांसाठी तीन गोष्टींच्या सनदा घेऊन आले. स्वराज्याची, चौथाईची आणि सरदेशमुखीची. इथे "स्वराज्य" म्हणजे थोरल्या महाराजांच्या वेळचा, पूर्ण आपल्या ताब्यातला मुलूख. दक्षिणेच्या सहा सुभ्यांत, म्हणजे खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बीदर, हैदराबाद आणि विजापूर इथे, मुलूख बादशहाचा राहिला पण त्याच्या वसुलात मराठ्यांचा हक्क कायम झाला. हे सुभे पुढे निजामाने बळकावले, पण हक्क राहिलाच. तुमच्या गावातली दोन सदरं ही ह्या व्यवस्थेची. तिथे मराठ्यांना मिळणाऱ्या हिश्शाला स्वराज्य अंमल म्हणत आणि निजामाकडच्या हिश्शाला मोगलाई.

हिशेब करून दाखवतो म्हणजे डोळ्यांसमोर येईल. समजा गावाचा वसूल १००० रुपये. सरदेशमुखीचा दहावा भाग वेगळा, तो सोडून देऊ. चौथाई २५० रुपये. त्यातला चौथा हिस्सा, ६२ रुपये ८ आणे, खुद्द छत्रपतींचा. त्याला राजबाबती म्हणायचे. शेकडा ६ म्हणजे १५ रुपये साहोत्रा, तो पंतसचिवांचा. शेकडा ३ म्हणजे ७ रुपये ८ आणे नाडगौंडा, तो महाराज मर्जीतल्या कुणाला द्यायचे. उरलेले १६५ रुपये मोकासा, तो फौज बाळगणाऱ्या सरदाराचा. आणि चौथाईबाहेरचं सगळं निजामाकडच्या जहागीरदारांचं. म्हणजे एका गावच्या ज्वारीवर पाच-सहा मालकांची नावं, पाटील-कुलकर्ण्यांची वतनं वेगळीच.

आता त्या पाटलाला विचारा, "तू कुठल्या देशाचा?" तो गावाचं नाव सांगेल, फार तर परगण्याचं. प्रश्नच त्याला कळणार नाही, कारण जमीन आणि सत्ता ह्यांचं एकास एक लग्न लागलेलं नव्हतं. सत्ता म्हणजे हक्कांची मोळी. त्यातल्या काड्या सुट्या करून देता येत, विकता येत, गहाण टाकता येत. आजचा देश ही मोळी सोडू देत नाही. फरकाची सुरुवात इथून करावी असं मला वाटतं.

परांडेकर

बापरे. म्हणजे नकाशातली रेघ खोटी?

दफ्तरदार

खोटी नाही, नंतरची. नकाशा काढणाऱ्याला प्रत्येक ठिपक्यावर एकच रंग भरता येतो ना.

गडकोट

दफ्तरदारांचा अभ्यास दांडगा आहे, मान्य. पण एक आक्षेप. शिवछत्रपतींचं स्वराज्य हे राष्ट्र-राज्यच होतं. १६७४ ला राज्याभिषेक करून स्वतःचा शक सुरू केला, स्वतःचं नाणं पाडलं, फारसी शब्दांना प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. भाषा, भूमी, लोक, सगळं आलं. युरोपात हे व्हायच्या शंभर वर्षं आधी आपल्याकडे झालंय, पण आपण तिकडूनच दाखले देणार.

दफ्तरदार

गडकोट, ही गोष्ट दोन वाक्यांत उडवून लावण्यासारखी नाही हे खरं. महाराजांनी कुणाची सनद न घेता छत्र धरलं, ही त्या काळात फार मोठी उडी होती. पण ते छत्र होतं, आणि छत्र धरणारा राजा असतो. सत्तेचा उगम त्याच्या अभिषेकात आहे. राष्ट्र-राज्यात उगम लोकांत असतो. राजा ठेवलाच तर तो लोकांचा म्हणून ठेवतात. महाराज रयतेची काळजी वाहत होते ह्यात वाद नाही, पण रयत सत्तेची धनी होती असं कुठल्या कागदात दिसत नाही.

आणि पुढे काय झालं बघा. त्यांच्या नातवाने बादशाही सनदा आणवल्या. मराठी टांकसाळींत रुपये पडत ते बादशहाच्या नावाने. १७८४ ला महादजी शिंद्यांनी शाह आलमकडून वकील-इ-मुतलक हे पद मिळवलं, तेही पेशव्यांच्या नावाने, स्वतः पेशव्यांचे नायब म्हणून. म्हणजे दिल्लीत बसलेल्या बादशहाचं पोट शिंद्यांच्या जिवावर, शिंदे पेशव्यांचे चाकर, पेशवे सातारच्या छत्रपतींचे चाकर, आणि छत्रपतींच्या मुलखातल्या रुपयावर नाव बादशहाचं. वर्तुळ पूर्ण! हा ढोंगीपणा नव्हता. साम्राज्य असंच चालतं. मधला माणूस दुबळा झाला तरी छत्री तशीच ठेवायची आणि तिच्या काड्या वाटून घ्यायच्या. इंग्रज कंपनीनेसुद्धा शाह आलमच्या नावाचे रुपये पाडले. स्वतःच्या राजाचं डोकं एकसारखं सगळ्या रुपयांवर आलं ते १८३५ ला.

गडकोट

रुपयावर नाव कुणाचं ह्याने स्वराज्याची भावना ठरत नाही. महाराष्ट्र धर्म हा शब्द त्या काळचाच आहे. मी माझ्या मतावर ठाम.

दफ्तरदार

भावना होती, मीही म्हणतो. भावना आणि राज्याचा सांगाडा ह्या दोन वस्तू आहेत एवढंच.

अभ्यासू_बाळ

पण माझ्या १६४८ चं कुणी काही बोललंच नाही.

जुनाकोट

बोलतो. व्यवसायाने वकील आहे, निवृत्तीकडे झुकलेला, म्हणून नाव जुनाकोट.

बाळ, तुझं निम्मं बरोबर. वेस्टफालियाने राजांचे आपापसांतले हक्क बरेच स्पष्ट केले. पण तिथे राष्ट्र कुठे आलं? त्या तहात ज्या पवित्र रोमन साम्राज्याची भानगड मिटवली ते साम्राज्य नंतर १८०६ पर्यंत जिवंत होतं आणि त्याच्या पोटात शेकडो लहानमोठे संस्थानिक, बिशप आणि स्वतंत्र शहरं होती. तुमच्या परांड्यासारखेच हक्कांचे गुंते. राष्ट्र ही कल्पना फ्रेंच क्रांतीनंतरची: सत्ता लोकांची, आणि लोक म्हणजे एक. आणि ते "एक" हेसुद्धा तेव्हा तयार नव्हतं. १७९४ च्या एका सरकारी अहवालात लिहिलंय की फ्रान्समधल्या निदान साठ लाख लोकांना फ्रेंच येतच नाही. राष्ट्र आधी जाहीर झालं, मग मास्तर पाठवून घडवलं.

पण मी ह्या धाग्यावर आलो ते वेगळ्या कारणाने. परांडेकरांचा प्रश्न, म्हणजे "वसूल एकाचा असला तर गाव कुणाचं?", हा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात चालला होता. मराठी कागदांवर! कुणाला माहीत आहे का?

तिखट_मीठ

नाही. सांगा. चहा दुसऱ्यांदा ठेवला.

म्हापशेकरीण

मला माहीत आहे, नगर हवेली! आमच्या घरात त्याची पारायणं झालीत. पण तुम्हीच सांगा, वकीलसाहेब. मी नंतर पोर्तुगालबद्दल सांगते.

रात्रपाळी

लंडनहून. धागा वाचतोय. मला वाटतं साम्राज्यच बरं होतं राव. माझे पणजोबा मुंबईहून बोटीने मोंबासाला गेले, व्हिसाबिसा काही नाही. सगळीकडे एकच राणी, नाहीतर राजा. मी मात्र दर काही वर्षांनी होम ऑफिसच्या दारात फायली घेऊन उभा.

दफ्तरदार

रात्रपाळी, पणजोबांना मोंबासाला जाऊ दिलं कारण तिथे माणसं हवी होती. १९१४ ला कोमागाता मारू बोटीतून ३७६ जण व्हँकुव्हरला गेले, बहुतेक पंजाबी शीख. तेही त्याच राजाचे प्रजाजन आणि कॅनडाही त्याच राजाचा. दोन महिने बंदरात ताटकळत ठेवून बोट परत पाठवली. साम्राज्याची ही खूण धरा: राजा एक, पण प्रत्येकाशी करार वेगळा. कुणी गोरा वसाहतवाला, कुणी संस्थानिक, कुणी नुसता करदाता. राष्ट्र-राज्य निदान कागदावर तरी सगळ्या नागरिकांना एकच कायदा लावतं.

रात्रपाळी

हम्म. म्हणजे फाईल तेव्हाही होती, फक्त कातडीवर लिहिलेली.

जुनाकोट

हं, तर नगर हवेली.

१७७९ साली पुणे दरबार आणि पोर्तुगीज ह्यांच्यात तह झाला. इंग्रजांशी लढाई सुरू होती, पोर्तुगीज मित्र म्हणून हवे होते. त्यांना वर्षाला १२,००० रुपये वसुलाची गावं लावून द्यायचं ठरलं. १७८३ आणि १७८५ च्या सनदांनी दमणजवळची गावं नेमून दिली. तीच पुढे नगर हवेली. दादरा शेजारीच, पण वेगळा तुकडा. समुद्रकाठी दमण पोर्तुगीजांचं, आणि दमण ते ही गावं ह्यांच्यामध्ये दुसऱ्याचा मुलूख.

पेशव्यांच्या दरबाराला ह्यात विशेष काही वाटलं नसणार. फौज बाळगणाऱ्या सरदाराला सरंजाम देतात तसं फिरंग्यांना दिलं. गावाचा धनी कोण? धनी आम्हीच, वसूल तुम्ही खा.

१८१८ ला पेशवाई गेली, इंग्रज आले. ते ह्या गावांकडे सरंजाम म्हणून बघेनात. तिथे कारभार पोर्तुगीजांचा दिसतोय ना, मग मुलूख पोर्तुगालचा. कुणी नवी सनद दिली नाही, तह केला नाही. फक्त बघणारा बदलला आणि गावं एका देशातून दुसऱ्या देशात गेली!

मग १९५४. २१-२२ जुलैला दादरा आणि २ ऑगस्टला सिल्वासा स्वयंसेवकांनी घेतलं. भारताने पोर्तुगीज अधिकाऱ्यांना आणि पोलिसांना दमणहून तिकडे जायला वाट देणं बंद केलं होतं. पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेगला दावा लावला: आमच्या मुलखात जायला आम्हाला वाट द्या. त्यासाठी आधी सिद्ध करायला हवं की मुलूख त्यांचा. मग निघाले १७७९ चे कागद. पोर्तुगाल म्हणे, आम्हाला सार्वभौमत्व दिलं. भारत म्हणे, नुसता वसूल दिला, तोही मर्जी असेपर्यंत.

१२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. न्यायालयाने स्वच्छ म्हटलं की मराठ्यांनी दिलं ते जहागीर किंवा सरंजाम, सार्वभौमत्व नव्हे. इंग्रजी निकालपत्रात हे शब्द जसेच्या तसे आहेत, कारण त्यांना भाषांतरच नाही. मी वकिलीच्या पहिल्या वर्षी ते वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. हेगमधल्या न्यायमूर्तींना सरंजाम म्हणजे काय ते समजून घ्यायला लागलं!

परांडेकर

म्हणजे भारत जिंकला?

जुनाकोट

थांबा, इतकं सोपं असतं तर वकील जेवले असते का. न्यायालय पुढे म्हणालं: मराठ्यांनी सार्वभौमत्व दिलं नाही हे खरं, पण नंतर इंग्रजांनी ते वागण्यातून मान्य केलं आणि स्वतंत्र भारतानेही काही काळ मुकाट्याने चालू ठेवलं. त्यामुळे १९५४ मध्ये गावं पोर्तुगालचीच धरायची. खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल ह्यांना वाट मिळण्याचा हक्क होता, ११ विरुद्ध ४. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि हत्यारं ह्यांना नव्हता, ८ विरुद्ध ७. आणि परिस्थिती तंग असताना भारताने वाट रोखली त्यात हक्कभंग झाला नाही, ९ विरुद्ध ६. दोन्ही बाजूंनी आपण जिंकलो म्हणून पेढे वाटता येतील असा निकाल. सिल्वासा काही परत गेलं नाही.

तिखट_मीठ

८ विरुद्ध ७!! एका मताने हत्यारं अडली.

गडकोट

ह्या मोहिमेत सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे होते हेही लिहा. बाबूजी नुसते गायक नव्हते.

जुनाकोट

होते. राहून गेलं, आभार.

डोंगरवाट

सिल्वासाला आम्ही कंपनीची सहल घेऊन गेलो होतो. दुधनीला धरणाचा जलाशय मस्त आहे. कुणाला हॉटेलची माहिती हवी असल्यास व्यनि करा.

तिखट_मीठ

आलाच का हा. सिल्वासा म्हटलं की पुरुषमंडळींना धरण आठवतं. :D

म्हापशेकरीण

आता माझी पाळी.

सगळे म्हणतात पोर्तुगाल साम्राज्य होतं आणि भारत राष्ट्र. पण गंमत म्हणजे पोर्तुगालने १९५१ ला राज्यघटनाच बदलली. "वसाहत" शब्द काढून "सागरापलीकडचा प्रांत" घातला. म्हणजे गोवा, अंगोला, मोझांबिक, तिमोर ह्या वसाहती नाहीतच, पोर्तुगाल हे एकच अखंड राष्ट्र आहे, फक्त मध्ये समुद्र आहे! १९५५ ला युनोत शिरल्यावर विचारलं गेलं, तुमच्याकडे स्वराज्य नसलेले मुलूख कुठले? सालाझारचं सरकार म्हणालं, एकही नाही. साम्राज्यालासुद्धा तोंड दाखवायला राष्ट्राचा मुखवटा चढवावा लागला, ह्यावरून वारा कुठे वाहत होता ते कळतं.

माझी मावशी म्हापशात तेव्हा पोर्तुगीज प्राथमिक शाळेत. वर्गात पोर्तुगालच्या नद्या पाठ करून घेत, मिन्यो, दोरू, तेजू. अजूनही झोपेत उठवलं तरी ओळीने म्हणते. घरी आजोबा मराठी पोथी वाचायचे आणि सगळे कोंकणीत बोलायचे. शापोरा नदी घरापासून तासाभरावर, तिचं नाव पुस्तकात नव्हतं. मावशी म्हणते, "आमकां सांगताले तुमी पोर्तुगेज, पूण लिस्बोआ खंय आसा तें कोणेंच पळोवंक नाशिल्लें."

आणि हेही सांगते, एकसष्टच्या डिसेंबरात एका रात्रीत राष्ट्र बदललं तेव्हा घरात पहिला प्रश्न होता, नोटा चालतील ना?

रात्रपाळी

आणि इथे माझ्या शेजारचे गोवेकर पोर्तुगीज पासपोर्टवर आलेत. १९६१ च्या आधी आजोबांचा जन्म गोव्यात झाला ह्या जोरावर. साम्राज्य मेलं, पण जन्मदाखला जिवंत.

म्हापशेकरीण

आमच्याही घरात दोघांनी केलाय. टीका नाही. पोट सगळ्यांना आहे.

अभ्यासू_बाळ

मग १६४८ नाही, तर "नॉर्मल" कधी झालं? मी १९१९ लिहू का? पहिलं महायुद्ध, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि उस्मानी साम्राज्य कोसळलं, विल्सनचा स्वयंनिर्णय.

दफ्तरदार

१९१९ ला युरोपपुरतं. पोलंड, चेकोस्लोव्हाकिया हे नकाशावर आले, पण इराक आणि सीरिया ह्यांना "अजून तयार नाहीत" म्हणून इंग्रज-फ्रेंचांच्या पालकत्वाखाली ठेवलं. स्वयंनिर्णय कुणाचा, तर आधी गोऱ्यांचा. आपल्याकडे जालियनवाला बाग त्याच वर्षाचं. १९४५ ला युनो स्थापन झाली तेव्हा ५१ सदस्य, आणि गंमत म्हणजे त्यात भारतही होता, स्वातंत्र्याच्या दोन वर्षं आधी! म्हणजे सदस्य व्हायला राष्ट्र-राज्य असणं तेव्हाही सक्तीचं नव्हतं.

माझं उत्तर १९६० आहे. त्या एका वर्षात १७ नवे देश युनोत आले, एक सायप्रस सोडला तर सगळे आफ्रिकेतले. १४ डिसेंबरला आमसभेने ठराव केला की वसाहतवाद संपलाच पाहिजे आणि एखादा समाज "अजून तयार नाही" ही सबब चालणार नाही. ८९ बाजूने, विरोधात शून्य, ९ तटस्थ. तटस्थांत पोर्तुगाल, ब्रिटन, फ्रान्स, अमेरिका. साम्राज्य चांगलं असतं असं तिथे बसून मत द्यायची कुणाची छाती झाली नाही. दुसऱ्याच दिवशी आणखी एका ठरावाने पोर्तुगालच्या "प्रांतांची" यादी वसाहती म्हणून केली, त्यात गोवाही आला. हेगचा निकाल त्याच वर्षी एप्रिलमधला. आठ महिन्यांत जुना कायदा आणि नवी रीत समोरासमोर.

जुनाकोट

तारीख एवढी टोकदार करू नका. मी १९१९ ते १९६० असा पट्टा म्हणेन. कल्पनेला नाव १९१९ ला मिळालं, बाकी सगळे मार्ग बंद झाले ते १९६० च्या आसपास. पश्चिम आफ्रिकेत सेंगोरसारखे पुढारी पन्नाशीच्या दशकात फ्रान्सबरोबर समान हक्कांचं संघराज्य मागत होते, वेगळं राष्ट्र नव्हे. तेही मार्ग होते. हरले म्हणून आपण विसरतो.

दफ्तरदार

पट्टा मान्य. तरी मी १९६० ला खुंटी ठोकणार.

निळावंती

सगळे जणू राष्ट्र-राज्य आलं आणि हक्क मिळाले असं लिहिताय. त्याची किंमत कुणी दिली तेही लिहा. १९२३ च्या लोझानच्या करारानंतर ग्रीस आणि तुर्कस्तानने माणसं अदलाबदल केली, बारा लाखांच्या आसपास ख्रिस्ती तुर्कस्तानातून ग्रीसला, साडेतीन-चार लाख मुसलमान ग्रीसमधून तुर्कस्तानात. निकष काय, तर धर्म. अनातोलियातले तुर्कीच बोलणारे ख्रिस्ती "ग्रीक" ठरून ग्रीसला गेले, जिथली भाषा त्यांना कळेना. क्रीटमधले ग्रीक बोलणारे मुसलमान "तुर्क" ठरून तुर्कस्तानात. उस्मानी सुलतानाला चारशे वर्षं हा प्रश्न पडला नाही, कारण त्याला लोक एकसारखे नको होते, फक्त कर हवा होता. दुअंमली गाव चालत होतं. दुअंमली माणूस मात्र राष्ट्राला चालत नाही. आपण हे सत्तेचाळीसला बघितलंच.

गडकोट

सुलतानाचं उगाच कौतुक नको. जिझिया कोण घेत होतं?

निळावंती

कौतुक नाही. वरचढ-खालचा दर्जा होताच, दफ्तरदारांनी वर लिहिलंय ना, प्रत्येकाशी करार वेगळा. पण खालचा दर्जा आणि हाकलून देणं ह्यात फरक आहे. कोणतं जास्त वाईट ते मला ठरवता येत नाही.

सोलापुरी_चादर

कूचबिहारची छिटमहाल गावं आठवली, भारत-बांगलादेश सीमेवरची, एका देशाच्या पोटात दुसऱ्याची. टीव्हीवर पाहिलं होतं. राजाच्या काळात कुणाला त्रास नव्हता, सत्तेचाळीसनंतर घरातून बाजारात जायला परका देश ओलांडायचा. २०१५ ला १६२ गावं इकडची तिकडे केली तेव्हा सुटले.

तिखट_मीठ

काका!! एकदम मुद्द्याचं!

सोलापुरी_चादर

मी म्हटलं ना वाचलाय.

जुनाकोट

आणि सिल्वासाचं शेपूट राहिलं. १९५४ ते १९६१ ही गावं ना धड पोर्तुगालची, ना कायद्याने भारताची. वरिष्ठ पंचायत नावाची स्थानिक सभा कारभार बघत होती. सामील तर करून घ्यायचं, पण करार सही करणार कोण? दोन देशांत करार करायचा तर समोर कुणी देशप्रमुख हवा. मग भारतीय प्रशासन सेवेतल्या बदलानी नावाच्या अधिकाऱ्याला ११ ऑगस्ट १९६१ ला एक दिवसापुरतं दादरा-नगर हवेलीचं पंतप्रधान केलं. त्यांनी नेहरूंबरोबर विलीनीकरणाच्या कागदावर सही केली. सरंजाम म्हणून सुरू झालेल्या गावांना भारतात यायच्या आधी एक दिवस देश व्हावं लागलं.

रात्रपाळी

एका दिवसाचा पंतप्रधान. पगार महिन्याचा मिळाला असेल का?

अभ्यासू_बाळ

परीक्षेत हे लिहिलं तर मार्क कापतील.

परांडेकर

तीन दिवसांनी येतोय, माफी. मोडीवाल्या गृहस्थांकडे पुन्हा गेलो होतो. दफ्तरदारांचा हिशेब दाखवला तर ते हसले आणि म्हणाले कागदात साहोत्रा शब्द आहे, त्यांनी आधी तो माणसाचं नाव समजून सोडून दिला होता! मोकासा मात्र वाचता येत नाही, तिथे नेमकी कसर लागली आहे.

दुसरं म्हणजे आई. तिला सांगितलं की आपल्या गावात निम्मी मोगलाई होती, तर ती म्हणाली, "ते मला सांगू नकोस, तुझ्या आजीचं घर म्हणजे पूर्णच मोगलाई होती." इतकी वर्षं "ही काय मोगलाई लागून गेली का" म्हणतोय, ते वसुलाच्या वहीतलं एक सदर होतं हे आज कळलं.

आता एक नवी अडचण. एका कागदावर तिसरं सदर दिसतंय, "बाबती" असं वाचलंय पण त्याआधीचं अक्षर पुसलंय. ते राजबाबतीचंच असेल का? दफ्तरदार, फोटो व्यनितून पाठवलाय.

दफ्तरदार

बघितला. बाबतीच्या आधीचं अक्षर "रा" वाटतंय, पण खात्रीने नाही सांगत. उजेड तिरका पाडून, फ्लॅश न वापरता पुन्हा काढा. आणि कागदाखाली काळा कपडा ठेवा.